गृहकर्ज दुसरीकडे नेण्याचा हिशेब: पिंपरी-चिंचवडच्या एका सदनिकेचे प्रकरण

पिंपरी-चिंचवडमधील एका नोकरदार दांपत्याने जून २०१८ मध्ये एका गृहवित्त कंपनीकडून ३८ लाख रुपयांचे कर्ज घेतले होते. मुदत २० वर्षे, दर ८.५० टक्के आणि मासिक हप्ता ३२,९७७ रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी कर्ज खात्याचा उतारा मागवला, तेव्हा दर ९.६० टक्क्यांवर गेलेला आणि शिल्लक मुद्दल साधारण ३२ लाख असल्याचे दिसले. तोपर्यंत त्यांचे ८६ हप्ते, म्हणजे २८ लाखांहून अधिक रुपये भरून झाले होते आणि मुद्दल मात्र सहा लाखांनीच उतरले होते. हप्ता इतक्या वर्षांत एकदाही बदलला नव्हता, त्यामुळे दर वाढल्याची झळ घरखर्चात कधी जाणवली नाही. ती मुदतीवर पडत गेली. मूळ वेळापत्रकाप्रमाणे १५४ हप्ते उरायला हवे होते, पण उताऱ्यावर १८८ होते. २०३८ मध्ये फिटणारे कर्ज २०४१ पर्यंत लांबले होते.

त्याच सुमारास एका बँकेने त्यांना ७.७५ टक्के दराने हे कर्ज आपल्याकडे वर्ग करून घेण्याची तयारी दाखवली. जवळपास दोन टक्क्यांचा फरक पाहून बहुतेक लोक लगेच अर्ज भरतात. या प्रकरणात तसे झाले नाही, आणि त्यामुळेच ते तपशिलात मांडण्यासारखे आहे. जुना दर आणि नवा दर एवढीच तुलना अपुरी असते. सध्याची कर्जदाती संस्था विचारल्यावर कोणता दर देते, हा तिसरा आकडा हाती आल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि सगळ्या पर्यायांचा हिशेब एकाच हप्त्यावर केल्याशिवाय त्या तुलनेला अर्थ येत नाही.

दर इतका का वाढला होता

भारतीय रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक केले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, निवडला. अशा कर्जात रेपो दरावर एक ठरावीक अधिभार लावला जातो आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन लागू नाही. त्या स्वतःचा प्रमुख कर्जदर ठरवतात आणि त्यातून काही वजा करून किंवा त्यात काही मिळवून ग्राहकाचा दर काढतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा या दांपत्याचा दर वाढला. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तरी त्यांच्या खात्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. त्याच कंपनीत त्या महिन्यात नव्याने कर्ज घेणाऱ्याला मात्र त्यांच्यापेक्षा बराच कमी दर मिळत होता. जुन्या ग्राहकाचा दर आपोआप नव्या ग्राहकाइतका होत नाही. तो मागावा लागतो.

तिसरा आकडा

दांपत्याने प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला विचारले. तेथे ९.१० टक्क्यांची तयारी दाखवण्यात आली. पुढे बँकेचे मंजुरीपत्र हाती आल्यावर त्यांनी शाखेत जाऊन फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करायला लागणाऱ्या रकमेचे पत्रक, आणि कागदपत्रांची यादी यांसाठी लेखी अर्ज दिला. दोनच दिवसांत कंपनीकडून फोन आला आणि दर ८.४० टक्क्यांपर्यंत खाली आला. त्यासाठी शिल्लक मुद्दलाच्या ०.२५ टक्के रूपांतरण शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ९,४४० रुपये द्यावे लागणार होते. ग्राहक खरोखर निघाला आहे असे दिसल्यावरच शेवटचा दर पुढे येतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून जुन्या संस्थेशी बोलणी मंजुरीपत्र मिळाल्यानंतर करावीत. त्याआधी मिळालेला दर अंतिम समजू नये.

आता तिन्ही पर्याय एकाच हप्त्यावर, म्हणजे ३२,९७७ रुपयांवर मांडता येतात. आहे तसेच राहिले, तर १८८ हप्ते आणि पुढचे व्याज सुमारे ३० लाख. जुन्याच कंपनीत ८.४० टक्के दर घेतला, तर १६३ हप्ते आणि व्याज सुमारे २१ लाख ७६ हजार. बँकेत ७.७५ टक्क्यांनी नेले, तर १५३ हप्ते आणि व्याज सुमारे १८ लाख ४८ हजार. कर्ज वर्ग केल्याने साडेअकरा लाख वाचतात असे बँकेचा प्रतिनिधी सांगत होता आणि आकडा म्हणून ते खोटे नव्हते. पण त्यातले सव्वाआठ लाख कर्ज न हलवता, एका अर्जाने आणि साडेनऊ हजार रुपयांतही वाचत होते. कर्ज हलवण्याची खरी कमाई उरलेली सव्वातीन लाखांची होती, आणि खर्चाची व कष्टाची तुलना तिच्याशीच करायला हवी.

मुदतीचा सापळा

बँकेने दिलेल्या पहिल्या प्रस्तावात दर ७.७५ टक्केच होता, पण मुदत पुन्हा २० वर्षे धरली होती. हप्ता २६,२७० रुपये. दरमहा ६,७०० रुपये कमी भरायचे, हे वाचून कोणालाही समाधान वाटेल. पण २४० हप्त्यांचे मिळून होतात ६३ लाख ४,८०० रुपये, म्हणजे व्याज ३१ लाखांहून अधिक. आहे त्याच कंपनीत, आहे त्याच ९.६० टक्क्यांनी राहिले असते, तरी याहून सुमारे एक लाख रुपये कमी व्याज गेले असते. दर पावणेदोन टक्क्यांहून अधिक घसरूनही एकूण व्याज वाढते, कारण ३२ लाखांचे मुद्दल आणखी सव्वाचार वर्षांहून अधिक काळ वापरले जाते.

ज्यांना महिन्याचा ताण खरोखरच पेलत नाही, त्यांनी लांब मुदत घेण्यात काही गैर नाही. फक्त ती बचत आहे असे समजू नये. या दांपत्याचा हप्ता त्यांना जड नव्हता. म्हणून त्यांनी मंजुरीपत्रात मुदत १५३ महिने अशी बदलून घेतली आणि हप्ता जवळपास पूर्वीइतकाच राहिला. २०१८ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकावर ते त्यामुळे परत आले. मुदतीचा हा बदल तोंडी आश्वासनावर सोडू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात मुदत, हप्त्यांची संख्या, सर्व शुल्के आणि शुल्कांसह निघणारा वार्षिक दर एकत्र छापलेला असतो. सही करण्यापूर्वी मंजुरीपत्र आणि हे विवरण यांतील मुदत जुळते का, ते पाहावे.

बँकेने सहा लाखांचे टॉप-अप कर्जही देऊ केले होते. घेण्याचे विशेष कारण नव्हते, म्हणून दांपत्याने ते नाकारले. टॉप-अपमुळे मुद्रांक शुल्काचा आधार वाढतो, आणि मुद्दल वाढल्याने दरातून झालेली बचत बघता बघता झाकली जाते.

खर्च, पै-पैचा

व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही, मग पैसे दुसऱ्या बँकेतून आलेले असले तरी. स्थिर दराच्या कर्जाचे मात्र तसे नाही, त्यामुळे करारातील हे कलम आधी वाचावे. या प्रकरणात जुन्या कंपनीने फक्त स्टेटमेंट आणि कागदपत्रांची यादी यांचे मिळून १,१८० रुपये घेतले.

नव्या बँकेची प्रोसेसिंग फी जीएसटीसह ११,८०० रुपये होती. वकिलाचा मालकी हक्क शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचे मिळून ९,४४० रुपये झाले. महाराष्ट्रात हक्कपत्रे ठेवून केलेल्या गहाणावर पाच लाखांपुढील कर्जाला ०.३ टक्के मुद्रांक शुल्क लागते. पूर्वीच्या कर्जाच्या वेळी ते भरलेले असले तरी नव्या बँकेच्या नावे नवे गहाण होत असल्याने ते पुन्हा भरावे लागते. ३२ लाखांवर ते ९,६०० रुपये झाले. गहाणाची सूचना, जिला व्यवहारात नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात, दुय्यम निबंधकांकडे दाखल करण्याचे शुल्क आणि हाताळणीचा खर्च सुमारे दीड हजार रुपये आला. सरसाई या केंद्रीय नोंदणीसाठी ११८ रुपये लागले.

एक खर्च कोणत्याही दरपत्रकात नसतो. नवी बँक ज्या दिवशी डिमांड ड्राफ्ट काढते, त्या दिवसापासून तिचे व्याज सुरू होते, आणि तो ड्राफ्ट जुन्या खात्यात जमा होईपर्यंत जुन्याचेही चालूच असते. येथे ड्राफ्ट ११ सप्टेंबर २०२५ या गुरुवारी निघाला आणि मध्ये शनिवार-रविवार आल्याने १६ तारखेला, मंगळवारी जमा झाला. नव्या कर्जाचे रोजचे ६७९ रुपये याप्रमाणे पाच दिवसांचे सुमारे ३,४०० रुपये दुहेरी गेले. ड्राफ्ट सोमवारी काढून घेतला, तर हा खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो.

सगळे मिळून सुमारे ३७,००० रुपये. जुन्या कंपनीत दर कमी करून घेण्याचे ९,४४० रुपये त्यातून वजा केले, तर कर्ज हलवण्याचा जादा खर्च साडेसत्तावीस हजारांच्या आसपास येतो. ८.४० आणि ७.७५ यांच्यात ०.६५ टक्क्यांचा फरक आहे. ३२ लाखांवर तो पहिल्या महिन्यात १,७३३ रुपये होतो. म्हणजे जादा खर्च भरून निघायला साधारण सोळा महिने. पुढे ११ वर्षांहून अधिक काळ निव्वळ लाभाचा. मूळ ९.६० टक्क्यांशी तुलना केली असती, तर हाच काळ साडेसात महिने दिसला असता आणि निर्णय आहे त्याहून सोपा वाटला असता.

सव्वातीन लाखांसाठी एवढी धावपळ करावी का, असा प्रश्न पतीने विचारला होता. माझ्या मते येथे कौल बँकेकडे झुकवणारी गोष्ट निव्वळ रक्कम नव्हती. जुन्या कंपनीने दर ८.४० केला तरी मानदंड तिचाच राहणार होता, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा शुल्क भरून पुन्हा दर मागण्याची वेळ आली असती. बँकेच्या करारात रेपो अधिक २.२५ टक्के असे लिहिलेले होते. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्के झाला आणि पुढच्या रीसेटला त्यांचा दर कोणताही अर्ज न करता ७.५० वर आला. रेपो वाढला तर हाच दर तितक्याच वेगाने वरही जाईल, हे दोघांना आधीच स्पष्ट सांगितले होते. त्या वेळी मुदत वाढू द्यायची की हप्ता, हे ग्राहकाने ठरवायचे असते. बँकेने न विचारता मुदत वाढवली, तर लेखी हरकत घ्यावी.

कागदपत्रे, आणि ती कुठे अडली

उत्पन्नाचे पुरावे, बँक खात्याचे उतारे आणि जुन्या कर्जाचा वर्षभराचा उतारा यांत काही अडचण येत नाही. अडचण येते ती मालमत्तेच्या कागदांत, कारण मूळ कागद जुन्या संस्थेच्या तिजोरीत असतात आणि नव्या बँकेचा वकील ते न पाहता, केवळ यादी आणि छायाप्रतींवर मत देत असतो. म्हणून कागदपत्रांची यादी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

या दांपत्याला मिळालेल्या यादीत मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, बिल्डरचे ताबापत्र आणि पैसे भरल्याच्या पावत्या होत्या. नोंदणी फीची मूळ पावती मात्र नव्हती. नव्या बँकेच्या वकिलाने नेमके त्यावर बोट ठेवले. पत्नीने २०१८ मध्ये कागद जमा करताना मिळालेली पोच जपून ठेवली होती. तिच्यावर पावतीचा उल्लेख नव्हता. म्हणजे ती कंपनीकडे गेलीच नव्हती, आणि घरातल्या फायलीत शोधल्यावर सापडलीही. पोच नसती तर पावती कोणाकडून हरवली यावर दोन-तीन आठवडे पत्रव्यवहार चालला असता. यादी हातात पडताच ती जुन्या पोचेशी ओळीने ताडून पाहावी आणि फरक असेल तर कर्ज बंद करण्यापूर्वीच लेखी कळवावे. कर्ज बंद झाल्यावर जुन्या संस्थेला घाई उरत नाही.

दुसरी अडचण कर्जानंतर तयार झालेल्या कागदांची होती. २०१८ मध्ये इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नव्हते आणि गृहनिर्माण संस्थाही स्थापन झालेली नव्हती. आता दोन्ही गोष्टी झालेल्या असल्याने बँकेने भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि संस्थेचे ना हरकत पत्र मागितले. ना हरकत पत्रासाठी सचिवांना व्यवस्थापन समितीची सभा होईपर्यंत थांबावे लागले आणि त्यात बारा दिवस गेले. हा अर्ज मंजुरीपत्राची वाट न पाहता सुरुवातीलाच दिलेला बरा. आधीच्या कर्जाची नोंद संस्थेच्या दप्तरात असेल, तर ती काढून नव्या बँकेची नोंद करण्याचे पत्रही पुढे द्यावे लागते.

फोरक्लोजर स्टेटमेंटवर रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतची असते आणि त्यापुढे रोजचे व्याज दिलेले असते. येथे ते ८४२ रुपये होते. ड्राफ्ट त्या तारखेच्या रकमेचाच काढला आणि जमा व्हायला चार दिवस उशीर झाला, तर तीन-साडेतीन हजारांची बाकी उरते आणि खाते बंद होत नाही. म्हणून ड्राफ्टमध्ये चार-पाच दिवसांचे व्याज जास्त धरून घेतले होते. उरलेली रक्कम जुन्या कंपनीने नंतर परत केली. ५ तारखेला जाणाऱ्या हप्त्याचे स्वयंचलित आदेश रद्द करण्याचा अर्जही ड्राफ्ट जमा करतानाच दिला, अन्यथा बंद झालेल्या कर्जाचा ऑक्टोबरचा हप्ता खात्यातून गेला असता.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजाची नोंद उतरवणे संस्थेवर बंधनकारक आहे. उशीर तिच्यामुळे झाला, तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. येथे कागद ३ ऑक्टोबरला, सतराव्या दिवशी मिळाले. दांपत्याने ते बँकेच्या प्रतिनिधीसमोर यादीप्रमाणे मोजून घेतले आणि त्याच दिवशी बँकेत जमा करून सहीशिक्क्याची पोच घेतली. गहाणाची सूचना दाखल करण्यासाठी गहाणाच्या तारखेपासून ३० दिवस असतात, तीही वेळेत दाखल झाली.

तीन गोष्टी त्यानंतर तपासून घेतल्या. सरसाईवर जुन्या कंपनीचा बोजा उतरला आहे, सिबिल अहवालात जुने खाते बंद दिसते आहे आणि थकबाकी नसल्याचे पत्र हाती आहे. हे पत्र घर विकेपर्यंत जपावे लागेल, कारण पुढे कोणत्याही वकिलाने शोध घेतला की २०१८ च्या गहाणाची नोंद त्याला दिसणार आणि ते फिटल्याचा पुरावा तो मागणार. जुन्या कर्जासोबत घेतलेली विमा पॉलिसी कर्ज बंद झाल्यावर चालू राहते का, हे तिच्या अटींवर अवलंबून असते. यांची चालू राहत होती, म्हणून नवी पॉलिसी न घेता जुनीचाच लाभ नव्या बँकेच्या नावे करून दिला. विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही असे तोंडी सांगितले गेले, तर तेच लेखी मागावे. सहसा लेखी मिळत नाही.

हेच गणित कुठे उलटते

याच संस्थेतील एका शेजाऱ्याने हे ऐकून स्वतःचे कर्ज हलवायचे ठरवले होते. त्यांचे शिल्लक मुद्दल ९ लाख आणि मुदत पाच वर्षे उरलेली होती. त्यांनाही जुन्या कंपनीकडून ८.४० आणि बँकेकडून ७.७५ टक्केच मिळत होते. हप्त्यात फरक पडत होता सुमारे २८० रुपयांचा, पाच वर्षांत मिळून साधारण १६,८०० रुपये. मुद्रांक शुल्क मुद्दलाप्रमाणे कमी झाले तरी प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकन यांचा खर्च कमी होत नाही. त्यांचा एकूण खर्च पंचवीस हजारांच्या पुढे जात होता. त्यांच्यासाठी जुन्याच ठिकाणी दर उतरवून घेणे हाच योग्य मार्ग होता आणि त्यांनी तोच घेतला.

शेवटच्या वर्षांत व्याज जवळजवळ भरून झालेले असते म्हणून कर्ज हलवू नये, असे सर्रास सांगितले जाते. कारण बरोबर मांडले पाहिजे. व्याज प्रत्येक महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच आकारले जाते, आधी भरलेल्या व्याजाचा त्याच्याशी संबंध नसतो. मुद्दल थोडे आणि काळ थोडा असला, की दरातल्या फरकाला काम करायला जागाच उरत नाही. मुद्दल मोठे असेल आणि दहा वर्षांहून अधिक काळ बाकी असेल, तर अर्ध्या टक्क्याचा फरकही सहसा खर्च भरून काढतो. मात्र घर वर्ष-सव्वा वर्षात विकण्याचा किंवा मोठी रक्कम भरून कर्ज लवकर संपवण्याचा बेत असेल, तर सोळा महिन्यांचा तो काळ पूर्ण होण्याआधीच कर्ज बंद होईल. या दांपत्याला मी हा प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारला होता. घर विकायचे नव्हते. वार्षिक बोनसमधून थोडी रक्कम मुद्दलात भरण्याचा विचार होता, आणि रक्कम लहान असल्याने हिशेब फारसा बदलत नव्हता.